कालरेषेत एक घटना घसरली की सगळं उत्तर चुकतं, तेव्हा गुण कसे द्यायचे?

शिवकाळाची कालरेषा सातवीच्या वर्गाला दिली की दर वर्षी तपासताना माझा हात एकाच जागी अडतो. आठ घटना, आठ सन, आठ गुण. एका मुलाच्या कागदावर आठातली एकच जोडी बरोबर निघते, पण त्याला उभं करून विचारलं तर अफझलखानापासून राज्याभिषेकापर्यंत सगळी गोष्ट तो न अडखळता सांगतो. त्याच्याच बाकावरच्या मुलीला आठपैकी सहा गुण पडतात, आणि शायिस्ताखानावरचा छापा आधी की आग्र्याची भेट आधी, हे तिला धड सांगता येत नाही. गुण आणि समज असे उलटे पडतात. मला वाटतं, चूक बहुतेक वेळा तपासण्याच्या पद्धतीत असते, कधी मुलाच्या अक्षरात असते, आणि कधी आपणच काढलेल्या प्रश्नात असते. या तिन्ही जागा कशा ओळखायच्या ते एका कागदावरून सांगतो.

कागदावर डावीकडे सन चढत्या क्रमाने छापलेले होते. उजवीकडे रिकाम्या चौकटी, आणि खाली घटना उलटसुलट दिलेल्या. बरोबर उत्तर असं:

१. १६५९ – अफझलखानाचा वध
२. १६६० – पन्हाळ्याहून सुटका
३. १६६३ – शायिस्ताखानावर छापा
४. १६६४ – सुरतेची पहिली मोहीम
५. १६६५ – पुरंदरचा तह
६. १६६६ – आग्र्याहून सुटका
७. १६७० – सिंहगड परत घेतला
८. १६७४ – राज्याभिषेक

आधी घटनेचा खरा क्रमांक लिहा, मग लाल पेन उचला

वर म्हटलं त्या मुलाने पहिली चौकट बरोबर भरली. दुसऱ्या चौकटीत, १६६० समोर, त्याने शायिस्ताखान लिहिला. पन्हाळा खालच्या यादीत होताच, पण त्याच्या नजरेतून सुटला. मग १६६३ समोर सुरत आली, १६६४ समोर पुरंदर, १६६५ समोर आग्रा, १६६६ समोर सिंहगड आणि १६७० समोर राज्याभिषेक. शेवटची चौकट उरली, यादीत पन्हाळा उरला, म्हणून १६७४ समोर पन्हाळा. त्या शेवटच्या चौकटीत खाडाखोड होती. खोडरबराने कागद झिजला होता आणि खाली पुसट 'राज्याभिषेक' दिसत होतं. म्हणजे राज्याभिषेकाचा सन त्याला माहीत होता. वरून घसरत आलेली रांग बसवण्यासाठी त्याने तो खोडला.

चौकटीमागून चौकट टिक आणि फुली करत गेलं की या मुलाला एकच गुण मिळतो. त्याऐवजी मी असं करतो: प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिलीने त्या घटनेचा खरा क्रमांक लिहितो. या कागदावर क्रमांक पडले १, ३, ४, ५, ६, ७, ८, २. ही रांग नुसती वाचली तरी रोग कळतो. आकडे चढत जातात आणि एकदाच, अगदी शेवटी, खाली येतात. मग प्रत्येक घटना म्हणजे एक चिठ्ठी असं धरून स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: कमीत कमी किती चिठ्ठ्या उचलून दुसरीकडे ठेवल्या म्हणजे रांग सरळ होईल? इथे फक्त एक. पन्हाळ्याची चिठ्ठी उचलून अफझलखानाच्या मागे ठेवली की बाकीच्या सातही आपोआप आपापल्या सनासमोर येतात. चूक एकच होती. तिच्यामागून रांग सरकली आणि आपण त्या एका चुकीला सात वेळा शिक्षा केली.

आता त्या मुलीचा कागद. तिने शायिस्ताखान आणि आग्रा यांची अदलाबदल केली, बाकी सहा जागच्या जागी. क्रमांक पडले १, २, ६, ४, ५, ३, ७, ८. इथे रांग दोनदा खाली येते. सरळ करायला दोन चिठ्ठ्या उचलाव्या लागतात. जुन्या पद्धतीने तिला सहा गुण आणि मुलाला एक. चिठ्ठ्या मोजल्या तर मुलाची चूक एक आणि मुलीच्या दोन.

पण मोजदाद इथे पुरत नाही. मुलीच्या कागदाचा अर्थ लावून पाहिला तर काय दिसतं? महाराज १६६३ साली आग्र्याहून निसटले, १६६५ साली त्यांनी मोगलांशी तह केला आणि १६६६ साली लाल महालात शिरून शायिस्ताखानाची बोटं तोडली. यातलं काहीच एकमेकांना धरून नाही. शायिस्ताखानाची फजिती झाली, पाठोपाठ सुरत लुटली गेली, म्हणून औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखानाला दक्षिणेत पाठवलं. त्यांनी पुरंदराला वेढा घातला, मुरारबाजी पडले, आणि जून १६६५ मध्ये तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. त्या तहानंतर जयसिंहाच्या आग्रहामुळे आग्र्याला जाणं झालं. दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कोंढाणा होता, म्हणून तो १६७० साली परत घ्यावा लागला. ही साखळी ज्याला कळली त्याला सन पाठ नसले तरी पुरंदर, आग्रा आणि सिंहगड या तीन चिठ्ठ्या उलट्या लावता येणार नाहीत. ज्याला ती कळली नाही, त्याच्यासाठी आठही सन म्हणजे फोन नंबरासारखे सुटे आकडे.

म्हणून उचललेली चिठ्ठी कोणती, हेही मी बघतो. पन्हाळा जागेवरून हलला तर तिथे कारण तुटतं का? तुटतं, पण एकदाच: अफझलखानाच्या वधानंतर लगेच पन्हाळा घेतला गेला, म्हणून पुढच्या वर्षी सिद्दी जौहरने त्याला वेढा घातला. त्या मुलाने पन्हाळा विचारपूर्वक शेवटी टाकलेला नव्हता, उरला म्हणून टाकला. मुलीने मात्र साखळीच्या मधोमध दोन कड्या बदलल्या.

फुली मारण्याआधी एकदा तोंडी विचारा

या वेळी मी त्या मुलीला परत शिकवायला बसलो आणि आधी विचारलं, "सन विसर. पुरंदरचा तह झाला, पुढे काय?"

ती म्हणाली, "जयसिंगाने आग्र्याला पाठवलं, सर. मग पेटारे."

"आणि शायिस्ताखान?"

ती थोडी थांबली. "तो... त्याच्यानंतरच ना, सर? महाराज परत आले आणि मग त्याची बोटं कापली."

म्हणजे आग्र्याची गोष्ट तिला ठाऊक होती, शायिस्ताखान कुठे बसतो ते ठाऊक नव्हतं. तिच्याकडून खरी सुटलेली कडी एकच होती. तहाचं कारण तिला कोणी जोडून दिलं नव्हतं.

त्याच दिवशी दुसऱ्या एका कागदावर नेमकी हीच अदलाबदल होती, शायिस्ताखान १६६६ आणि आग्रा १६६३. त्या मुलाला तोच प्रश्न विचारला आणि त्याने सगळं बिनचूक सांगितलं: लाल महाल, सुरत, जयसिंग, तह, आग्रा. मग मी त्याच्यापुढे छापलेला कागद ठेवला आणि सन वाचायला सांगितले. तिसऱ्या ओळीवर तो म्हणाला, "सोळाशे सहासष्ट." देवनागरी ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले आकडे आहेत. लहानपणी हे दोन उलटे काढणारी मुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण सातवीत आल्यावर तो गोंधळ संपला असं आपण धरून चालतो. काही मुलांचा तो घाईत वाचताना अजून होतो. १६६३ आणि १६६६ हे सन एकाच कागदावर असताना तो अगदी सहज होतो. १ आणि ९ यांचंही तसंच. हाताने लिहिलेला १६५९ कधी १६५१ वाचला जातो.

दोन कागद, तीच चूक, पण एकाला गोष्ट जोडून द्यायची आणि दुसऱ्याला आकडा नीट दाखवायचा. कागदाकडे कितीही वेळ बघत बसलं तरी हा फरक कळत नाही. सन झाकून गोष्ट विचारली की अर्ध्या मिनिटात कळतो. तिसरी शक्यता अंकांच्या अदलाबदलीची, जसं १६७४ ऐवजी १६४७. मुलं सन स्वतः लिहितात त्या कागदावर ती दिसते आणि ओळखायलाही सोपी असते. घटना बरोबर क्रमात असतात आणि सन मात्र मध्येच एकदम मागे उडी मारतो. असा कागद दिसला तर क्रमाचे गुण पूर्ण द्यावेत, सनाचा एक कापावा आणि पुढे जावं.

प्रश्न आपलाच चुकला आहे का?

एका वर्षी अर्ध्याहून जास्त वर्गाने सुरतेच्या चिठ्ठीसमोर १६७० लिहिलं. मी आधी मुलांवर चिडलो, मग माझाच कागद उघडला. चिठ्ठीवर नुसतं 'सुरत' होतं. सुरत दोनदा लुटली गेली, जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. मुलांचं उत्तर बरोबर होतं. १६७० मध्ये तर सिंहगडही आहे, त्यामुळे ती चिठ्ठी कुठे ठेवायची यावर मुलांनी आपापल्या परीने डोकं चालवलं होतं.

शायिस्ताखानाचं असंच होतं. चिठ्ठीवर नुसतं नाव असेल तर १६६० हे उत्तर चूक म्हणता येत नाही, कारण खान त्या वर्षीच पुण्यात येऊन बसला होता, महाराज पन्हाळ्यात अडकलेले असतानाच. छापा पडला ५ एप्रिल १६६३ ला. म्हणजे 'शायिस्ताखान' ही तीन वर्षांची लांब गोष्ट आहे आणि कालरेषेवर तिचा एक ठिपका होत नाही. चिठ्ठीवर 'लाल महालावर छापा' असं लिहिलं की ठिपका होतो. ज्या घटनेला तारीख किंवा निदान महिना सांगता येतो तीच चिठ्ठीवर घ्यावी. 'मोगलांशी संघर्ष' वगैरे चिठ्ठ्या मी आता घेतच नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. मुलांच्या चुका पांगलेल्या असतात, एकाची इथे तर दुसऱ्याची तिथे. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी एकाच जागी एकच 'चुकीचं' उत्तर दिलं असेल तर आधी प्रश्न आणि उत्तरसूची तपासावी. उत्तरसूची घाईत बनवताना आपल्या हातूनही रांग सरकते.

मोठी अडचण मात्र कागदाच्या रचनेतच आहे. सन चढत्या क्रमाने छापून दिले की क्रम आणि जोडी हे एकच उत्तर होऊन बसतं. मुलाला क्रम येतो की सन येतो, हे त्यातून वेगळं काढताच येत नाही, आणि एक चिठ्ठी सुटली की बाकीच्या ओढल्या जातात. म्हणून मी कागदाचे दोन भाग केले. पहिल्या भागात सन अजिबात नाहीत. आठ घटना फक्त क्रमाने लावायच्या. तो भाग जमा करून घ्यायचा. दुसऱ्या भागात आठापैकी चारच घटना, समोर सन उलटसुलट दिलेले, त्यात दोन सन जास्तीचे, आणि रेघ ओढून जोडायचं. सन जास्तीचे असले की 'उरला म्हणून टाकला' हा प्रकार थांबतो. चार घटना मी घेतो त्या अफझलखानाचा वध, पुरंदरचा तह, सिंहगड आणि राज्याभिषेक. १६६३ आणि १६६६ एकत्र देत नाही.

गुण असे: क्रमाला चार, सनाला चार. क्रमाचे गुण देताना न हलवता सरळ उरलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या. आठही सरळ असतील तर चार, सात असतील तर तीन, सहा असतील तर दोन, पाच असतील तर एक, आणि चार किंवा कमी असतील तर शून्य. शून्याची रेघ चारवर का? कारण डोळे मिटून मांडलेल्या आठ चिठ्ठ्यांतही तीन-चार चिठ्ठ्यांची चढती रांग सहज सापडते. तेवढ्याला ज्ञान म्हणता येत नाही. या हिशेबाने पहिल्या मुलाला क्रमाचे तीन मिळाले आणि त्या मुलीला दोन. सनाचा भाग त्यांनी नंतर सोडवला. मुलाचे चारही बरोबर आले, राज्याभिषेकासकट.

एक मर्यादा सांगायला हवी. ही मोजणी कारण तुटलं की नुसता क्रम चुकला, हे सांगत नाही. सुरत आणि शायिस्ताखान उलटे लावले तर एक चिठ्ठी, पुरंदर आणि सिंहगड उलटे लावले तर दोन, कारण मध्ये आग्रा आहे. दुसऱ्या चुकीत तहाने दिलेला किल्ला तहाआधीच परत घेतलेला असतो. एका जास्तीच्या चिठ्ठीने तिचं वजन भरत नाही. त्यासाठी मी गुण कापत नाही, पण कागदावर त्या दोन चिठ्ठ्यांमध्ये बाण काढून 'का?' असं लिहितो, आणि मुलाने एका वाक्यात उत्तर लिहून आणलं की एक गुण परत देतो.

एक वर्ष कमी पडलेल्या तारखा

शेवटचा प्रकार क्वचित येतो, पण आला की ओळखू येत नाही. एका मुलाने सुरत १६६३ आणि सिंहगड १६६९ लिहिला होता. बाकी सगळं बरोबर. दोन्ही सन बरोबर एकाने कमी, हे पाहून मी थबकलो. विचारलं तर त्याच्या आजोबांनी घरी तिथीवरून सन काढायला शिकवलं होतं: शकात ७८ मिळवायचे. अफझलखानाचा वध शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. ७८ मिळवले, १६५९. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. ७८ मिळवले, १६७४. दोन्ही बरोबर. पण सिंहगड शके १५९१, माघ वद्य नवमी. माघात शक जुनाच चालू असतो आणि इंग्रजी वर्ष मात्र जानेवारीत बदललेलं असतं. तिथे ७९ मिळवावे लागतात, आणि उत्तर येतं १६७०, तारीख ४ फेब्रुवारी. महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, तिथेही हेच. ७८ मिळवले तर १६२९ येतं, खरं साल १६३०.

सुरतेचं गणित आणखी मजेशीर आहे. लाल महालावरचा छापा चैत्रात, शके १५८५ च्या अगदी सुरुवातीला. सुरत त्याच शकाच्या हिवाळ्यात. शकाने पाहिलं तर दोन्ही घटना एकाच वर्षातल्या, इसवी सनाने पाहिलं तर एक १६६३ आणि एक १६६४. म्हणून त्या मुलाच्या कागदावर दोन्हींसमोर १६६३ आलं होतं आणि त्यातली आधीची कोणती, हे त्याने अंदाजाने ठरवलं होतं. सुरतेच्या इंग्रज वखारीची त्या वेळची पत्रं पाहिली तर त्यांच्यातही जानेवारी १६६४ ला १६६३ म्हटलेलं सापडतं, कारण इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई.

त्या मुलाचे गुण मी कापले नाहीत. त्याची रीत खरी होती, तिच्यातला अर्धा नियम तेवढा सुटला होता: जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९, नंतर ७८. आजोबांना निरोप पाठवला तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचांगच वहीबरोबर पाठवून दिलं. तेव्हापासून माझ्या उत्तरसूचीत ज्या घटना जानेवारी ते मार्चमधल्या आहेत त्यांच्यापुढे पेन्सिलीने महिना लिहिलेला असतो. या आठात तशा दोनच आहेत, सुरत आणि सिंहगड.